एक जयंती, दोन दिवस

२०२५ साली आमच्या गटाने पाळण्याचं निमंत्रण वाटलं. त्यात लिहिलं होतं, ‘शिवजयंतीला सकाळी दहा वाजता.’ निम्म्या बाया १९ फेब्रुवारीला नटूनथटून आल्या आणि कुलूप बघून परत गेल्या. आम्ही तिथीची जयंती धरली होती, ती १७ मार्चला होती.

चूक कुणाचीच नव्हती. महाराजांचा जन्म आपल्याच जिल्ह्यात, जुन्नरच्या शिवनेरीवर झाला. पण जन्मदिवस कोणता, याचा वाद बरीच वर्षं चालला. वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ असं काही जण सांगत. मग भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांकडे जुनी शकावली सापडली. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली छापली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद आहे. तीच आता सरकारने मानली आणि इंग्रजी हिशोबाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख धरली. गंमत अशी, की ही तारीखही इंग्रजांच्या जुन्या कॅलेंडरची. आजच्या कॅलेंडरने तो दिवस १ मार्च येतो!

तारीख एका जागी थांबते, तिथी थांबत नाही. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, म्हणजे सण दर वर्षी अकराएक दिवस मागे सरकतो आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जातो. तिथीची जयंती २०२३ ला १० मार्चला होती. त्या वर्षी अधिक श्रावण आला, म्हणून २०२४ ला ती २८ मार्चला गेली. २०२५ ला पुन्हा १७ मार्च.

आणखी एक खोच आहे. तृतीया १६ मार्चच्या संध्याकाळीच लागली होती, ती १७ च्या संध्याकाळी संपली. सूर्योदयाला जी तिथी, ती त्या दिवसाची, म्हणून १७ धरली. नुसतं ‘तृतीयेला संध्याकाळी’ लिहिलं असतं, तर १६ ला यायचं की १७ ला?

रांजणगावच्या कारखान्यांत कामाला आलेल्या उत्तरेकडच्या शेजारणींचा महिना तर पौर्णिमेलाच संपतो. आपली फाल्गुन वद्य तृतीया त्यांच्याकडे चैत्र कृष्ण तृतीया असते. त्यांना ‘फाल्गुन वद्य’ सांगितलं, तर त्या महिनाभर आधी येतील.

त्यामुळे पुढच्या खेपेला आम्ही असं छापलं, की ‘तिथीनुसार’ शब्द आधी, मग दोन्ही, आणि सोबत वार. मागच्या वर्षीचा मजकूर तसा लिहिला असता तर तो असा झाला असता: ‘तिथीनुसार शिवजयंती. फाल्गुन वद्य ३, शके १९४६, सोमवार, दि. १७ मार्च २०२५, सकाळी १० वाजता.’ वार मुद्दाम घालतो. तारीख सोमवारची आणि वार मंगळवार छापला गेला, तर वाचणारी लगेच फोन करून विचारते.