ब्लड कल्चरमध्ये ४८ तासांनंतर ‘वाढ नाही’ : तापाच्या रुग्णासाठी या अहवालाचा अर्थ काय?

तापाने रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाच्या हाती तिसऱ्या दिवशी एक अहवाल येतो. त्यावर ‘४८ तासांच्या संवर्धनानंतर जिवाणूंची वाढ नाही’ अशा अर्थाचे एकच वाक्य असते. पुष्कळ कुटुंबे त्याचा अर्थ ‘रक्तात संसर्ग नाही’ असा घेतात. त्यातून पुढे दोन प्रश्न निर्माण होतात. संसर्ग नसेल, तर प्रतिजैविकाची इंजेक्शने कशासाठी? आणि इंजेक्शने चालू असूनही ताप का उतरत नाही? या प्रश्नांचे उत्तर शोधताना अहवालातील तीन गोष्टी नीट समजून घ्याव्या लागतात : बाटलीत किती रक्त गेले, ते कधी घेतले गेले आणि ४८ तास नेमके कधीपासून मोजले गेले.

चाचणी कशी होते?

ब्लड कल्चर म्हणजे रक्तसंवर्धन. रुग्णाचे रक्त जिवाणूंना पोषक असलेल्या द्रावणाच्या बाटलीत सोडले जाते आणि ती बाटली सुमारे ३५ ते ३७ अंश सेल्सिअस तापमानात ठेवली जाते. रक्तात जिवंत जिवाणू असतील, तर त्यांची संख्या वाढत जाते आणि वाढताना ते कार्बन डायऑक्साइड सोडतात. स्वयंचलित यंत्रात बाटलीच्या तळाशी असलेला संवेदक हा बदल टिपतो. यंत्र काही मिनिटांच्या अंतराने प्रत्येक बाटली तपासत राहते आणि वाढ आढळताच इशारा देते. त्यानंतर तंत्रज्ञ बाटलीतील द्रावण काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, जिवाणूची ओळख पटवतात आणि त्याच्यावर कोणती औषधे चालतील हे तपासतात.

सर्वसाधारण जिवाणू वेगाने वाढतात. खरोखर जिवाणू असलेल्या नमुन्यांपैकी बहुसंख्य बाटल्या पहिल्या २४ तासांतच इशारा देतात आणि ४८ तासांपर्यंत उरलेल्यांपैकीही बहुतेक लक्षात येतात. त्यामुळे ४८ तासांच्या शांततेला निश्चितच वजन आहे. तरीही हा अंतरिम अहवाल असतो. यंत्रातील बाटली साधारणपणे पाच दिवस ठेवली जाते आणि अंतिम अहवाल त्यानंतरच मिळतो. यंत्र नसलेल्या प्रयोगशाळांत बाटली डोळ्यांनी पाहून, ठरावीक वेळी त्यातील द्रावण दुसऱ्या माध्यमावर पसरून तपासणी होते. तेथे वाढ उशिरा लक्षात येऊ शकते आणि बाटली सात दिवसांपर्यंत ठेवण्याची पद्धत आहे. म्हणून अशा ठिकाणच्या ४८ तासांच्या अहवालाचे वजन यंत्राच्या अहवालापेक्षा कमी धरावे लागते.

हे ४८ तास बाटली यंत्रात ठेवल्यापासून मोजले जातात. रक्त काढल्यापासून नव्हे. सायंकाळी घेतलेला नमुना सकाळपर्यंत वॉर्डात राहिला किंवा दुसऱ्या शहरातील प्रयोगशाळेत पाठवला गेला, तर अहवालातील तास आणि रुग्णाच्या आजाराचे तास जुळत नाहीत. प्रवासात बाटली शीतपेटीत ठेवणेही चुकीचे आहे. लघवीचा नमुना थंड ठेवतात, तसा हा ठेवायचा नसतो. तो खोलीच्या तापमानात शक्य तितक्या लवकर पोहोचवायचा असतो.

जिवाणू असूनही वाढ का होत नाही?

पहिले कारण रक्ताचे प्रमाण. रक्तात जिवाणूंची दाटी असते, ही समजूत चुकीची आहे. टायफॉइडमध्ये अनेकदा एक मिलिलिटर रक्तात सरासरी एखादाच जिवाणू असतो, कधी त्याहूनही कमी. समजा, एका रुग्णाच्या दहा मिलिलिटर रक्तात सरासरी तीन जिवाणू आहेत. त्याचे पाच मिलिलिटर रक्त घेतले, तर त्यात सरासरी दीड जिवाणू येईल. संभाव्यतेच्या गणिताने पाहिले, तर अशा सुमारे पाचांपैकी एका नमुन्यात एकही जिवाणू सापडणार नाही आणि आजार असूनही बाटली कोरी राहील. तेच रक्त वीस मिलिलिटर घेतले, तर कोरा नमुना येण्याची शक्यता सुमारे चारशेत एक इतकी खाली येते. म्हणूनच प्रौढ व्यक्तीच्या प्रत्येक बाटलीत आठ ते दहा मिलिलिटर रक्त घ्यावे आणि एका बाटलीवर न थांबता दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून नमुने घ्यावेत, असा संकेत आहे. लहान मुलांसाठी कमी रक्ताच्या वेगळ्या बाटल्या असतात.

दुसरे कारण आधी घेतलेले प्रतिजैविक. औषधाने जिवाणू मरतात किंवा इतके दुबळे होतात की बाटलीत वाढत नाहीत. मात्र शरीरातील आजार तेवढ्याने संपलेला नसतो. अमेरिका आणि कॅनडातील रुग्णालयांत तीव्र जंतुदोषाच्या रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच रुग्णांचे रक्त औषधापूर्वी आणि औषध सुरू झाल्यावर दोन तासांच्या आत घेण्यात आले. आधीच्या नमुन्यांपैकी सुमारे ३१ टक्के सकारात्मक आले, तर नंतरच्या नमुन्यांत हे प्रमाण सुमारे १९ टक्के होते. दोन तासांत एवढा फरक पडत असेल, तर औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळ्या तीन दिवस घेतल्यानंतर घेतलेल्या नमुन्याकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही. औषध शोषून घेणारे कण असलेल्या बाटल्या उपलब्ध आहेत, पण त्यांनी ही अडचण पूर्णपणे दूर होत नाही.

तिसरे कारण म्हणजे या बाटलीत मुळातच न वाढणारे आजार. हिवताप आणि डेंग्यू यांचा शोध कल्चरने लागत नाही. हिमाचल प्रदेश, तमिळनाडूपासून विदर्भापर्यंत आढळणारा स्क्रब टायफस हा जिवंत पेशींमध्येच वाढतो. त्यामुळे त्याची बाटली कायम कोरीच राहते. लेप्टोस्पायरोसिस आणि क्षयरोगही नेहमीच्या बाटलीत सापडत नाहीत. शिवाय यकृतातील गळू, न्यूमोनिया किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग असताना जिवाणू त्या अवयवापुरते मर्यादित राहू शकतात आणि रक्त निर्जंतुक असू शकते.

एक उदाहरण

पुढील उदाहरण समजुतीसाठी रचलेले आहे. सत्तावीस वर्षांच्या तरुणाला सहा दिवसांपासून ताप आहे; रोज सायंकाळी तो १०३ अंशांवर जातो. त्याने तीन दिवस सेफिक्झिमच्या गोळ्या घेतल्या आहेत. दाखल करताना एकाच बाटलीत पाच मिलिलिटर रक्त घेतले गेले आणि त्यानंतर सेफ्ट्रिअॅक्सोन सुरू झाले. तिसऱ्या दिवशी अहवाल आला : ४८ तासांत वाढ नाही. त्या सायंकाळी ताप १०२ अंश आहे.

नातेवाइकांना दोन निष्कर्ष सुचतात. संसर्ग नाही म्हणून इंजेक्शन बंद करावे, किंवा औषध लागू पडत नाही म्हणून ते बदलावे. उपलब्ध माहितीतून या दोहोंपैकी एकही सिद्ध होत नाही. रक्त कमी होते आणि औषध आधीच पोटात गेले होते. त्यामुळे कोरी बाटली टायफॉइड नाकारू शकत नाही. योग्य रीतीने घेतलेले कल्चरही टायफॉइडचे सुमारे निम्मेच रुग्ण पकडते. तापाच्या बाबतीत सांगायचे, तर योग्य औषध मिळाल्यावरही टायफॉइडचा ताप उतरण्यास साधारण चार ते सात दिवस लागतात. तिसऱ्या दिवशीचा ताप म्हणजे औषधाचे अपयश नव्हे.

अशा वेळी डॉक्टर कागदाकडून पुन्हा रुग्णाकडे वळतात. या तरुणाचा रक्तदाब स्थिर आहे, श्वास नियमित आहे आणि तो थोडे खाऊ लागला आहे. हिवताप आणि डेंग्यूच्या तपासण्या नकारात्मक आहेत. अंगावर, विशेषतः काखेत व जांघेत, स्क्रब टायफसची काळी खपली दिसत नाही. सोनोग्राफीत प्लीहा वाढलेली आहे, पण यकृतात गळू नाही. एकट्या विडाल चाचणीवर निदान ठरवता येत नाही, कारण जुन्या संसर्गामुळेही ती सकारात्मक येऊ शकते. या सर्वांचा मेळ घालून ‘संभाव्य टायफॉइड’ हे निदान कायम ठेवले जाते आणि औषध चालू राहते. पाचव्या दिवशी तापाचा चढ कमी होतो आणि सातव्या दिवशी ताप उतरतो. अंतिम अहवालही कोराच येतो. तरी ठरवलेला औषधक्रम पूर्ण केला जातो. तो मध्येच सोडल्यास आजार उलटण्याचा धोका असतो आणि टायफॉइडमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आतड्यात रक्तस्राव किंवा छिद्र होण्याची भीती असते.

या तरुणाचे एक नुकसान मात्र भरून निघत नाही. जिवाणू वाढला असता, तर कोणते औषध त्याच्यावर चालते हे समजले असते. भारतात टायफॉइडच्या जिवाणूंमध्ये सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या औषधांना प्रतिकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. पाकिस्तानच्या सिंध प्रांतात २०१६ पासून पसरलेल्या प्रकारावर सेफ्ट्रिअॅक्सोनही चालत नव्हते. सातव्या दिवसानंतरही ताप तसाच राहिला असता, तर कल्चर पुन्हा घेणे, गळू शोधणे आणि निदान नव्याने तपासणे आवश्यक ठरले असते.

औषध केव्हा थांबवता येते?

याच अहवालाच्या आधारे काही रुग्णांची प्रतिजैविके थांबवणे योग्यच असते. एखाद्या रुग्णाचे पुरेसे रक्त, दोन ठिकाणांहून, औषध सुरू होण्यापूर्वी घेतले गेले. यंत्राने ४८ तासांत इशारा दिला नाही. दरम्यान डेंग्यूची तपासणी सकारात्मक आली आणि रुग्ण सुधारत आहे. येथे खबरदारी म्हणून सुरू केलेले प्रतिजैविक पुढे चालवण्याचे कारण उरत नाही. याउलट हृदयाच्या झडपेचा आजार किंवा कृत्रिम झडप असलेल्या रुग्णाला ताप आला, तर ४८ तासांची कोरी बाटली पुरेशी मानली जात नाही. त्याचे नमुने पुन्हा घेतले जातात आणि पूर्ण मुदतीपर्यंत वाट पाहिली जाते. कर्करोगाच्या उपचारांमुळे पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णाचा निर्णयही केवळ या अहवालावर घेतला जात नाही.

म्हणून अहवाल हाती आल्यावर रुग्णाने औषध स्वतःहून बंद करू नये. नमुना औषधापूर्वी घेतला होता का, बाटल्या किती होत्या आणि अंतिम अहवाल कोणत्या दिवशी मिळेल, हे डॉक्टरांना विचारावे. घरी सोडल्यानंतर तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या दिवशी बाटलीत वाढ झाल्यास प्रयोगशाळा रुग्णालयाला कळवते. त्यासाठी चालू दूरध्वनी क्रमांक नोंदवलेला असावा. आणि श्वास जलद होणे, असंबद्ध बोलणे, लघवी कमी होणे, हातपाय गार पडणे किंवा पोटात अचानक तीव्र वेदना होणे यांपैकी काहीही दिसल्यास, अहवालात काहीही लिहिलेले असो, रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.