एका दिवसाच्या मालाचें गणित

वर्तमानपत्रें विकणाऱ्या पोराच्या नांवानें ओळखला जाणारा एक गणिती प्रश्न आहे. सकाळीं अंक किती उचलावे? कमी उचलले तर गिऱ्हाईक रित्या हातीं परततें. जास्त उचलले तर सायंकाळीं रद्दी उरते.

या प्रश्नाचा उगम मात्र रस्त्यावर नसून बँकेंत आहे. ठेवीदार किती पैसे मागतील हें अनिश्चित असतां रोकड किती राखावी, याचा विचार एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञानें १८८८ सालीं संभवशास्त्राच्या आधारें मांडला. रोकड फार राखली तर व्याज बुडतें, थोडी राखली तर पत बुडते. पुढें दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन आरमारासाठीं काम केलेल्या मॉर्स व किंबल यांचा ग्रंथ १९५१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत हाच विचार वर्तमानपत्रवाल्या पोराच्या रूपानें आला.

आतां एक कल्पित उदाहरण घेऊं. अंक ४ रुपयांस घेतला, ५ रुपयांस विकला, आणि उरल्यास रद्दींत १ रुपया आला. म्हणजे अंक कमी पडला तर तोटा १ रुपयाचा, उरला तर ३ रुपयांचा. तुटीच्या तोट्यास दोन्ही तोट्यांच्या बेरजेनें भागावें. १ भागिले ४, म्हणजे पाव. हेंच निर्णायक गुणोत्तर. मागणी आपल्या साठ्याइतकी किंवा त्याहून कमी असण्याचा संभव जेथें प्रथम पावापर्यंत पोंचतो, तेवढाच माल घ्यावा.

वीस दिवसांची मागणी अशी होती असें समजा: २ दिवस ४० अंक, ४ दिवस ४५, ६ दिवस ५०, ५ दिवस ५५ आणि ३ दिवस ६०. वीसाचा पाव म्हणजे पांच दिवस. ४० पर्यंत दोनच दिवस भरतात. ४५ पर्यंत सहा. म्हणून ४५ अंक घ्यावे. सरासरी मागणी जवळजवळ ५१ असली, तरी रोज ५० घेणाऱ्यास वीस दिवसांत ८४० रुपये नफा होतो, ४५ घेणाऱ्यास ८६०.

मागणी तीच, पण माल फुलांच्या गजऱ्यांचा असेल तर? खरेदी ४, विक्री १०, उरल्यास २ रुपये. येथें तुटीचा तोटा ६ व उरण्याचा २, गुणोत्तर पाऊण. पंधरा दिवस भरतात ते ५५ वर. तेव्हां सरासरीहून अधिक माल घेणेंच हिताचें.

एक सावधगिरी मात्र हवी. वहींत विक्री लिहिलेली असते, मागणी नव्हे. दुपारींच गठ्ठा संपला, त्या दिवशीं परत गेलेलीं गिऱ्हाइकें कोठेंच नोंदलीं जात नाहींत. ४५ हा आंकडा वहींत वारंवार दिसूं लागला, तर तो मागणीचा नसून आपल्याच साठ्याचा आहे, असें ओळखावें. म्हणून माल संपल्याची वेळ टिपून ठेवावी. तसेंच रित्या हातीं गेलेला मनुष्य कायमचाच दुसरीकडे वळणार असेल, तर तुटीचा तोटा केवळ १ रुपया धरून चालत नाहीं. एजवर्थच्या बँकेची पतही अशीच होती. एकदां गेली कीं त्या दिवसापुरती जात नाहीं.