अर्धं मराठी, अर्धं गोंडी गाणं सर्चमध्ये का सापडत नाही? ते कसं शोधायचं?

अहेरीच्या एखाद्या लग्नात डीजेवर गाणं वाजतं. अर्धी ओळ मराठी, अर्धी गोंडी. घरी येऊन मराठी शब्द टाकले तर भलतीच गाणी येतात आणि गोंडी शब्द टाकले तर काहीच येत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत हे नेहमीचं आहे.

पहिली गडबड ऐकण्यात होते. समजा, तुम्हाला 'नार' आणि 'पेन' हे दोन शब्द आठवतात. मराठी कानाला नार म्हणजे बाई, म्हणून सर्चमध्ये लावण्या येतात. पेन टाकलं की लिहायची पेनं. गोंडीत मात्र नार म्हणजे गाव आणि पेन म्हणजे देव. म्हणजे गाणं बाईवर नाही, गावदेवाचं असू शकतं. त्यामुळे अनोळखी शब्दाचा अर्थ आधी गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या कुणाला तरी विचारा. निम्मं काम तिथेच होतं.

दुसरी अडचण लिपीची. यूट्यूबवर या गाण्यांचे बोल सहसा लिहिलेले नसतात, त्यामुळे शोध प्रामुख्याने शीर्षकावर चालतो. शीर्षक बरेचदा रोमन अक्षरांत असतं आणि त्याचं स्पेलिंग ज्याचं त्याचं. गोंडीतला 'ड़' कुणी r लिहितं, कुणी d. लग्नाला कुणी marmi लिहिलं, तर दुसरा madmi लिहितो. दोन्ही शक्यता एकत्र टाकायच्या असतील तर गूगलवर असं लिहा:

```
site:youtube.com gondi (marmi OR madmi) song
```

इथे गाण्याची ओळ नाही, तर भाषेचं नाव आणि प्रसंग शोधला जातो. gondi च्या जागी madia टाकूनही बघा, कारण भामरागडकडचे लोक तेच नाव वापरतात. गाव-देवाचं गाणं असेल तर प्रसंगाच्या जागी pen टाका. Gondi सोबत असल्यामुळे लिहायची पेनं मागे पडतात.

चाल पक्की आठवत असेल तर गूगल अॅपमध्ये 10-15 सेकंद गुणगुणून शोधता येतं. ही सोय 2020 मध्ये आली आणि तिला शब्दांची गरज नाही. पण स्थानिक गाणं बरेचदा जुन्या लोकप्रिय चालीवर बांधलेलं असतं, मग उत्तर म्हणून मूळ गाणं येतं. चाल तीच पण बोल वेगळे, असं दिसलं की ओळखायचं. शझाम इथे फारसं कामाचं नाही. ते नेमकं तेच रेकॉर्डिंग ओळखतं, ढोलावर प्रत्यक्ष गायलेलं नाही.

डीजेवालाही चांगला दुवा आहे. त्याच्याकडच्या फाईलचं नाव बहुतेकदा व्हिडिओच्या शीर्षकावरूनच आलेलं असतं, तेवढं मागून घ्या. फाईलच नसेल, बायकांनी फेर धरून म्हटलेलं गाणं असेल, तर ते नेटवर नसण्याचीच शक्यता जास्त. अशा वेळी ज्या गावची वरात होती त्या गावात विचारलेलं बरं.