तळटीप : ‘प्रादेशिक आधुनिकता’

१. ‘प्रादेशिक आधुनिकता’ म्हणजे जुन्या शैलीची नक्कल, असा समज इथे होऊ नये. नक्कल करणारा कमानी, घुमट, छत्र्या असे दिसणारे रूप उचलतो. प्रदेशाशी बांधलेला वास्तुकार ते रूप कशासाठी घडले होते ते विचारतो. चार्ल्स कोरिया यांची मुंबईतली कांचनजंगा ही १९८३मध्ये पुरी झालेली २८ मजली इमारत पाहावी. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, तिकडचे दृश्यही देखणे. पण दुपारचे कडक ऊन आणि पावसाची झडही त्याच बाजूने. जुन्या बंगल्यांनी यावर राहत्या खोल्यांभोवती व्हरांडा फिरवून तोड काढली होती. कोरियांनी कौले किंवा लाकडी कठडे आणले नाहीत. प्रत्येक घराच्या कोपऱ्यात दुमजली उंचीची खोल गच्ची कोरली. ऊन-पाऊस तिथेच अडतो, वारा मात्र खोलीत पोचतो. इमारत पूर्ण काँक्रीटची आहे, बाहेरून एकही ‘भारतीय’ खूण नाही.

तेव्हा ओळखायची कसोटी सोपी : जुन्या वाटणाऱ्या भागावर हात ठेवून विचारावे, हा काढला तर घरात ऊन, ओल किंवा उकाडा वाढेल का? काहीच बदलत नसेल तर ती सजावट. गच्ची काचेने बंद करून खोली वाढवली, की कांचनजंगासारख्या रचनेचाही प्राण जातो. शिवाय ही श्रीमंतांची घरे आहेत. परवडणाऱ्या घरांचा प्रश्न या उदाहरणाने सुटत नाही. – संपा.