बारा रुपयांचा फेटा

साल 1962. कापूस विकून लोकांच्या हाती पैसा आलाय. हदगावच्या मोकळ्या माळावर तमाशाच्या तंबूत गॅसबत्त्या फुसफुसतायत आणि तुम्ही चार आण्यांच्या जागेत मांडी घालून बसलात. पैनगंगेपलीकडून, उमरखेडकडूनही गाड्या आल्यात. गण झाला, गौळण संपली. आता बतावणी.

सोंगाड्या सरदारासोबत रिंगणात येतो, पण लगेच बोलत नाही. आधी माणसं न्याहाळतो. हसतमुख, मित्रांच्या घोळक्यात बसलेला, चारचौघांत मान असलेला गडी त्याला हवा असतो. तुमच्या पुढचे फेटेवाले त्याच्या नजरेत भरतात.

"मालक, फेटा केवढ्याचा?"

प्रश्न सोपा, उत्तर एका शब्दाचं. बोलताना माणूस अडखळला की लाजतो आणि गंमत तिथंच मरते.

"बारा रुपयांचा."

"सरदार, बघा! डोकं बारा रुपयांचं अन् बूड चार आण्यांचं!"

तंबू दणाणतो. हशा ओसरायच्या आत सरदार खेकसतो, "मालकाला बोलतोस? तुझ्या डोक्यावर काय हाय रे?"

"माझ्या डोक्यावर सावकार हाय! फेट्याहून जड!"

आता मालकच मांडीवर थाप मारून सगळ्यांत मोठ्यानं हसतायत. सरदाराचं काम ओळखलंत? प्रेक्षकाच्या बाजूनं भांडायला माणूस रिंगणातच उभा आहे, त्यामुळे मालकांना स्वतः चिडावं लागत नाही. शिवाय फडातले बहुतेक कलावंत महार, मांग, कोल्हाटी समाजातले. जमीनदाराची खोडी काढायची मुभा त्यांना या रिंगणापुरतीच. चिमटा काढला की लगेच स्वतः त्याच्याहून खाली उतरायचं, ही युक्ती त्यांना पोटासाठी शिकावी लागली. मला ती आजच्या माइकवाल्या कलाकारांच्या धिटाईपेक्षा मोठी वाटते.

मग एक चूक होते. कडेच्या तरुणाला तो विचारतो, "एकलाच? घरधनीण कुठंय?"

तरुण ओठांनी हसतो, पण नजर खाली. तुम्ही त्याच्या शेजाऱ्यांकडे बघा. ते हसत नाहीत, आधी त्याच्याकडे पाहतात. गावाला काहीतरी ठाऊक आहे. फेटा माणसानं हौसेनं घेतलेला असतो, दुःख नाही. सोंगाड्याला एवढी खूण पुरते. तो सरदाराकडे वळतो आणि सरदार त्याच्या पाठीत सणसणीत रपाटा घालतो. "दुसऱ्याची काय विचारतोस? तुझी कुठंय?"

"पळाली! म्हणून तर तोंडाला रंग फासलाय!"

लोक हसतात. तरुणाकडे आता कुणाचं लक्ष नाही, आणि सोंगाड्याही रात्रभर त्या बाजूला फिरकत नाही.

ढोलकी कडाडते, वग सुरू होतो. मध्यरात्र उलटल्यावर प्रधान राजाला सांगतो, "महाराज, खजिना रिकामा!" सोंगाड्या काहीच बोलत नाही. सावकाश मान वळवून तो फक्त फेट्याकडे बघतो.

मालक उठून उभे राहतात. "घ्या बारा रुपये!"