चरित्रपटातील नाट्य आणि तथ्य

खऱ्या व्यक्तीच्या आयुष्यावर बेतलेल्या चित्रपटात नोंदलेला इतिहास किती आणि पटकथाकाराची भर किती, हे पारखण्याची रीत. शास्त्रज्ञ आणि संशोधक यांच्या चरित्रपटांत ही पारख जास्त अवघड होते. राजा किंवा सेनापती काय करतो ते पडद्यावर दिसते. गणिती काय करतो ते दिसत नाही. वर्षानुवर्षे चाललेले, अनेकांच्या हातून पुढे सरकलेले काम दोन तासांत दाखवायचे म्हणजे त्याला एक चेहरा, एक विरोधक आणि साक्षात्काराचा एक क्षण द्यावा लागतो. भर पडते ती बहुधा याच तीन जागी.

चित्रपटाच्या आरंभी किंवा शेवटी येणाऱ्या पाट्यांचा या कामी फारसा उपयोग नाही. ‘पात्रे काल्पनिक आहेत’ ही पाटी इतिहासकारांनी नव्हे, वकिलांनी रूढ केली. १९३२ साली एमजीएम या कंपनीने रास्पुतिनवर चित्रपट काढला. त्यातील एका राजकन्येच्या पात्रामुळे आपली बदनामी झाली, असा दावा रशियन राजकन्या इरिना युसुपोव्ह यांनी लंडनच्या न्यायालयात लावला आणि १९३४ मध्ये तो जिंकून २५,००० पौंडांची भरपाई मिळवली. त्यानंतर अशा पाट्यांची प्रथा पसरली. ‘सत्यकथेवर आधारित’ ही उलट बाजूची पाटीही तितकीच सैल असते. त्यात किती टक्के सत्य असावे, असा नियम कोठेही नाही.

सगळे बदल सारख्या वजनाचे नसतात. काही बदल फक्त काळ आखडतात. ‘हिडन फिगर्स’ (२०१६) या चित्रपटात अंतराळवीर जॉन ग्लेन उड्डाणाच्या ऐन तोंडावर, संगणकाने काढलेले आकडे गणिती कॅथरिन जॉन्सन यांच्याकडून तपासून घ्या, असे सांगतो. ही मागणी खरी आहे. मात्र ती काही दिवस आधी झाली होती आणि ती आकडेमोड हाताने पडताळायला जॉन्सन यांना सुमारे दीड दिवस लागला. येथे घटना तीच राहिली, घड्याळ तेवढे पळवले.

त्याच चित्रपटात केव्हिन कॉस्टनरने रंगवलेला अधिकारी हातोडा घेऊन ‘कृष्णवर्णीयांसाठी’ ही स्वच्छतागृहावरची पाटी फोडतो. हा बदल वेगळ्या जातीचा आहे. तो अधिकारी अनेक व्यक्तींचे मिश्रण करून घडवलेला आहे आणि पाटी फोडण्याचा प्रसंग घडलेलाच नाही. जॉन्सन यांनीच सांगितले आहे, की त्या पाटी नसलेले स्वच्छतागृह सरळ वापरत असत. जॉन्सन काम करत त्या कार्यालयातील कृष्णवर्णीय गणनकर्त्या स्त्रियांचा वेगळा विभाग १९५८ मध्येच बंद झाला होता. चित्रपट मात्र १९६१ च्या सुमारास घडतो. याचा परिणाम असा, की एका स्त्रीने स्वतःच्या हिमतीने मोडलेला नियम पडद्यावर एका गोऱ्या वरिष्ठाच्या औदार्याने मोडला जातो. बदल पारखताना तारीख चुकली का, यापेक्षा कर्तृत्व कोणाकडून कोणाकडे गेले, हे पाहणे अधिक उपयोगी ठरते.

या कसोटीवर सविस्तर तपासण्याजोगा चित्रपट म्हणजे ‘द इमिटेशन गेम’ (२०१४). अ‍ॅलन ट्युरिंग या, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे सांकेतिक संदेश फोडणाऱ्या ब्रिटिश गणितज्ञावरील हा चित्रपट मॉर्टन टिल्डम यांनी दिग्दर्शित केला. ग्रॅहम मूर यांच्या पटकथेला ऑस्कर मिळाले. तिचा आधार असलेले अ‍ॅन्ड्र्यू हॉजेस यांचे चरित्र १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. ते अत्यंत काटेकोर आहे. त्यामुळे मूळ पुस्तक आणि पडदा शेजारी ठेवून पाहता येतात, आणि फरक लपत नाहीत.

चित्रपटाचा मध्यबिंदू एका मद्यगृहात आहे. संदेश टिपणारी एक तरुणी गप्पांच्या ओघात म्हणते, की तिच्या वाट्याला आलेला जर्मन तारायंत्री दर संदेशाची सुरुवात त्याच अक्षरांनी करतो. ते ऐकताच ट्युरिंग धावत सुटतो. रोज सकाळच्या हवामानाच्या संदेशात ठरावीक शब्द येणारच, तेव्हा यंत्राला तेवढेच शोधू द्यावे, असे त्याला सुचते आणि संदेश उलगडण्यासाठी त्याने बांधलेले, इतके दिवस व्यर्थ फिरणारे यंत्र थांबते. प्रसंग रंगतो, पण कार्यकारणभाव उलटा आहे.

ट्युरिंगच्या यंत्राची कल्पनाच मुळी अशा अंदाजित शब्दांवर उभी होती. जर्मनांच्या एनिग्मा यंत्रात कोणतेही अक्षर सांकेतिक मजकुरात स्वतःच्याच रूपात उमटत नसे. त्यामुळे संदेशात ‘हवामान’ या अर्थाचा जर्मन शब्द असेल असे वाटले, की तो शब्द सांकेतिक मजकुराखाली एकेक घर सरकवत न्यायचा. जेथे वरचे आणि खालचे अक्षर एकच येईल ती जागा बाद. उरलेल्या जागी वरच्या-खालच्या अक्षरांच्या जोड्या एकमेकींत कशा गुंततात याचा आराखडा काढायचा आणि तो यंत्राला द्यायचा. यंत्र चक्रांच्या मांडण्या भराभर तपासून ज्यांत अंतर्विरोध येतो त्या फेटाळत जाई आणि संभाव्य मांडणीवर थांबे. अंदाजाचा शब्द नसेल तर या यंत्राला करण्यासारखे कामच नव्हते. ते आधी बांधले आणि त्याला काय शोधायला लावायचे हे नंतर सुचले, असे होणे शक्य नव्हते. या यंत्राचे नाव ‘बॉम्ब’ असे होते आणि त्याचा पहिला नमुना मार्च १९४० मध्ये ब्लेचली पार्क या ब्रिटिश संकेतभेदन केंद्रात बसवला गेला. चित्रपटात त्याला ट्युरिंगच्या मृत शाळामित्राचे ‘क्रिस्टोफर’ हे नाव दिले आहे. प्रत्यक्षात पहिल्या यंत्राला ‘व्हिक्टरी’ म्हणत.

साक्षात्काराचा क्षण तपासण्याची ही युक्ती इतर चित्रपटांनाही लागू पडते. पडद्यावर नायकाला जे अचानक सुचते, ते त्याच्या उपकरणात आधीपासून गृहीत धरलेले होते का, एवढे विचारावे. त्यासाठी चरित्र पूर्ण वाचण्याचीही गरज नसते. उपकरण कसे चालते हे समजले तरी पुरते.

दुसरी तपासणी अनुपस्थितांची. एनिग्माचे गणित प्रथम सोडवले ते मारियान रेयेव्स्की या पोलिश गणितज्ञाने, १९३२ च्या अखेरीस. येझी रुझित्स्की आणि हेन्रिक झिगाल्स्की हे त्याचे सहकारी. पोलंडने जुलै १९३९ मध्ये, युद्ध सुरू होण्याच्या काही आठवडे आधी, वॉर्साजवळ ब्रिटिश आणि फ्रेंच अधिकाऱ्यांना बोलावून आपले सगळे ज्ञान त्यांच्या हवाली केले. चित्रपटात याचा ओझरता उल्लेख येतो. गॉर्डन वेल्चमन यांनी सुचवलेल्या सुधारणेमुळे ट्युरिंगचे यंत्र कितीतरी अधिक कार्यक्षम झाले, पण वेल्चमन पडद्यावर नाहीतच. ट्युरिंगच्या सहकारी जोन क्लार्क यांना ब्लेचलीत आणले ते त्यांनीच. केम्ब्रिजमध्ये ते त्यांचे अध्यापक होते. चित्रपटातील शब्दकोड्याची परीक्षा क्लार्क यांनी दिली नव्हती. शब्दकोड्यावरून माणसे निवडण्याचा खरा प्रसंग जानेवारी १९४२ चा आणि दुसऱ्याच लोकांचा आहे.

एकट्या नायकाला उठाव यावा म्हणून विरोधक लागतो, आणि ती झळ ब्लेचलीचे प्रमुख कमांडर अ‍ॅलस्टेर डेनिस्टन यांना पोचली. ट्युरिंगसारख्या विद्वानांना या कामासाठी हेरून ठेवणारा हा माणूस पडद्यावर त्याला हाकलायला टपलेला दिसतो. डेनिस्टन यांच्या कुटुंबीयांनी या चित्रणावर जाहीर नाराजी व्यक्त केली. चर्चिलना लिहिलेले पत्रही असेच बदलले आहे. चित्रपटात ट्युरिंग ते एकटा लिहितो आणि बदल्यात प्रमुखपद मिळवतो. खरे पत्र ऑक्टोबर १९४१ चे. त्यावर ट्युरिंग, वेल्चमन, ह्यू अलेक्झांडर आणि स्टुअर्ट मिल्नर-बॅरी अशा चौघांच्या सह्या होत्या, मागणी मनुष्यबळाची होती आणि मिल्नर-बॅरी स्वतः ते घेऊन लंडनला गेले. अलेक्झांडरला बाजूला सारून ट्युरिंग प्रमुख झाला, हेही उलटे आहे. नौदलाच्या संदेशांचा विभाग आधी ट्युरिंगकडे होता आणि पुढे अलेक्झांडर यांच्याकडे गेला.

एवढ्यावर थांबले असते तर हा चित्रपट नेहमीच्या सवलतींत बसला असता. पण त्यात सोव्हिएत हेर जॉन केर्नक्रॉस हा ट्युरिंगच्या तुकडीतच आहे. ट्युरिंगच्या समलैंगिकतेचे गुपित फोडण्याची धमकी देऊन तो त्याला गप्प बसवतो. केर्नक्रॉस ब्लेचलीत होता आणि हेरही होता, पण वेगळ्या विभागात. दोघांची ओळख असल्याचा पुरावा नाही. हे नाट्य खऱ्या माणसावर देशद्रोह पाठीशी घातल्याचा आळ आणते, आणि तोही ज्याला समलैंगिक म्हणून राज्यानेच शिक्षा केली त्याच्यावर. चित्रपटातील हा सर्वांत अक्षम्य बदल होय. खटल्याची हकिगत मुळातच पुरेशी विदारक होती. जानेवारी १९५२ मध्ये घरी चोरी झाली म्हणून ट्युरिंग स्वतः पोलिसांकडे गेला, आणि चौकशीत त्याचा एका तरुणाशी असलेला संबंध उघड झाला. संशयाने पछाडलेला चित्रपटातील गुप्तहेर-शोधक पोलिस अधिकारी पूर्णपणे काल्पनिक आहे.

खरेपणा नको तेथे शोधला जातो, हेही लक्षात ठेवावे. या चित्रपटातील एनिग्मा यंत्र अस्सल होते, कपडे व खोल्या काळाला धरून आहेत, आणि एनिग्माच्या मांडण्यांची प्रचंड संख्याही संवादात बरोबर येते. प्रेक्षक अशा तपशिलांवरून संपूर्ण कथेवर विश्वास टाकतो. कला-विभागाने घेतलेल्या मेहनतीवरून पटकथेबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

दोन माणसांत एकांतात झालेले संभाषण ही पटकथाकाराच्या भरीची आणखी एक खूण. ‘ओपनहायमर’ (२०२३) मध्ये अणुस्फोटाने वातावरणच पेट घेईल का, हे गणित घेऊन ओपनहायमर आइन्स्टाइनकडे जातो. ती चिंता खरी होती, पण त्याने सल्ला घेतला तो आर्थर कॉम्प्टन यांचा. प्रेक्षकाला आइन्स्टाइन ओळखता येतो, कॉम्प्टन येत नाही. बदलाचे कारण इतकेच. दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलन यांनी हा बदल मुलाखतीत लपवलेला नाही.

मुंबईशी संबंधित ‘हवाईजादा’ (२०१५) हे उदाहरण मात्र या सगळ्यांहून निराळे आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडवले, ही कथा महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तळपदे ही खरी व्यक्ती. संस्कृतचा व्यासंग आणि विमानविद्येची ओढ याही गोष्टी खऱ्या. उड्डाणाच्या कथेतही विमान मानवरहित असल्याचे सांगतात. चित्रपटातले विमान नायकाला घेऊन उडते. येथे नाट्य आणि तथ्य वेगळे करायला बसले तर खाली पक्की जमीनच लागत नाही, कारण उड्डाणाचा समकालीन भक्कम पुरावा उपलब्ध नाही. तळपदे यांच्या नावाशी जोडल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाची तपासणी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील अभ्यासकांनी १९७४ मध्ये केली. तो ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकातील आहे आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे.