उच्चाराला गुण देणाऱ्या वाटेची कुळकथा

एकच माणूस एकच शब्द दोनदा उच्चारतो, तेव्हा दोन्ही वेळा तो सारख्याच वेळात संपत नाही. यंत्राला बोलणे ओळखायला शिकवणाऱ्यांची पहिली अडचण हीच होती. 1968 साली कीवमधल्या तारास विंत्स्युक यांनी तिच्यावर गणिती तोड सुचवली: दोन ध्वनिमुद्रणे घड्याळाप्रमाणे जुळवायची नाहीत, गरजेप्रमाणे ताणून-आवळून जुळवायची. जपानच्या एनईसी कंपनीतले हिरोआकी साकोए आणि सेइबी चिबा यांनी हीच रीत स्वतंत्रपणे विकसित केली. त्यांचा 1978 सालचा निबंध आजही पायाभूत मानला जातो.

ही रीत उच्चार तपासायला वापरली की काय होते, ते एका कल्पित उदाहरणात पाहू. जहाज या अर्थाचा 'शिप' हा शब्द शिक्षिकेने 0.4 सेकंदात म्हटला आणि विद्यार्थ्याने 0.6 सेकंदात. दर 10 मिलिसेकंदांचा एक तुकडा धरला, तर एकीकडे 40 तुकडे होतात, दुसरीकडे 60. शिक्षिकेचा प्रत्येक तुकडा विद्यार्थ्याच्या प्रत्येक तुकड्याशी ताडून 2,400 घरांचा तक्ता भरतात. त्यातला आकडा दोन तुकड्यांच्या ध्वनीतले अंतर सांगतो. मग एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जाणारी, सर्वांत कमी बेरजेची वाट शोधतात. बेरीज जितकी कमी, तितके गुण जास्त.

घोटाळा इथेच होतो. तीळ, मीठ, खीर अशा शब्दांना सरावलेली मराठी जीभ 'शिप'मधला ऱ्हस्व स्वर सहज लांबवते. ऐकणाऱ्याला तो शब्द मेंढीवाचक 'शीप' वाटतो. पण लांबी माफ करण्यासाठीच ही रीत जन्मली! ती शिक्षिकेचा एक तुकडा विद्यार्थ्याच्या दोन-तीन तुकड्यांना जोडते आणि लांबीची चूक पुसून टाकते. बेरजेत उरतो तो स्वराच्या गुणातला फरक, आणि तोही बाकीच्या शब्दाच्या बेरजेत विरतो.

पुसलेली लांबी मात्र वाटेच्या आकारात सापडते. स्वरापाशी वाट तिरकी न जाता विद्यार्थ्याच्या बाजूने सरळ धावू लागली, तर स्वर ताणला गेला आहे. साकोए-चिबांनी वाटेच्या उतारावर मर्यादा घातली होती, ती अवास्तव ताण टाळण्यासाठी. उच्चार शिकवताना तोच उतार चूक दाखवणारी खूण ठरतो.

या रीतीची दुसरी उणीव आवाजाची. नमुना पुरुषाचा आणि शिकणारी लहान मुलगी असेल, तर निर्दोष उच्चारालाही कमी गुण पडू शकतात, कारण यंत्र उच्चाराबरोबर गळ्याचीही तुलना करते. म्हणून पुढे एका नमुन्याऐवजी अनेकांच्या बोलण्यातून सांख्यिकी प्रतिमान घडवण्याकडे कल वळला. केंब्रिजच्या सिल्के विट आणि स्टीव्ह यंग यांनी 2000 साली मांडलेली पद्धत शब्दाला एकगठ्ठा गुण देत नाही. प्रत्येक ध्वनीला वेगळे गुण देते.

तेव्हा असे साधन निवडताना त्याच्या एकूण गुणांवर जाऊ नये. कोणता ध्वनी चुकला आणि तो लांबला की बदलला, हे ते सांगते का, एवढे आधी पाहावे.